बाबा २०१३ पासून बेपत्ता, वावर अजून त्यांच्याच नावावर. वारस कसे लावायचे?

वऱ्हाडची लेक

नमस्कार. दारव्हा तालुक्यातलं गाव आहे. माझे बाबा जुलै २०१३ मध्ये गावच्या दिंडीसोबत पंढरपूरला गेले. एकादशीच्या गर्दीत चुकामूक झाली, ते परत आलेच नाहीत. दिंडीतल्या लोकांनी तिथल्याच पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद केली, मग आपल्याकडच्या ठाण्यातही अर्ज दिला. पेपरला फोटो दिला. नंतर कधी फोन नाही, पत्र नाही, कोणाला दिसले नाहीत.

सहा एकर वावर आहे, बाबांनी १९९८ मध्ये खरेदी केलेलं. सातबारा त्यांच्याच नावावर. आई कसते. इतकी वर्षं ओढूनताणून चाललं, पण आता फार्मर आयडीशिवाय काहीच होत नाही. आयडीला आधार आणि ओटीपी लागतो, तो बाबांचा कुठून आणायचा? अतिवृष्टीचं अनुदान आलं, गावात सगळ्यांच्या खात्यात पडलं, आमचं नाही. २०१९ च्या कर्जमाफीतही अंगठा नाही म्हणून नाव अडकलं होतं, ते सोसायटीचं कर्ज अजून दिसतं.

पटवारी म्हणतात मृत्यूचा दाखला आणा. ग्रामपंचायत म्हणते बॉडी नाही, तारीख नाही, दाखला कसा देऊ? घरात आई, मी (लग्न झालेलं) आणि धाकटा भाऊ. आजी म्हणजे बाबांची आई २०१७ मध्ये वारली. एक काका आणि एक आत्या आहेत. काकांनी मागच्या महिन्यात आईला सांगितलं की या वावरात आजीचा हिस्सा होता, तो आता आमचा. हे खरं आहे का? कुठून सुरुवात करू?

धुऱ्यावरचा

ताई, कायले टेन्शन घेता. सात वर्षं झाली की माणूस कायद्यानं मेला, विषय संपला. तुमचे तर दहाच्या वर झाले. शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करा, पोलीस पाटलाचा दाखला लावा, पटवाऱ्याले द्या. आमच्या गावात एकाचं असंच झालं.

मुंबईचा जावई

कायदा बदलला आहे. उशिरा मृत्यूनोंदीसाठी आधी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागायचं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षाच्या पुढची नोंद जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशाने होते. म्हणजे कोर्टाची गरजच नाही. एसडीओकडे अर्ज करा, आमच्या सासऱ्यांचं तसंच झालं.

निवृत्त नायब

जावईबापू, तुमची माहिती बरोबर, पण प्रश्न वेगळा आहे. तुमचे सासरे वारले होते, फक्त नोंद करायची राहिली होती. तिथे घरचे सांगतात अमुक दिवशी, अमुक ठिकाणी मृत्यू झाला आणि अधिकारी त्याची खातरजमा करतो. इथे मृत्यू कोणी पाहिलेलाच नाही. एसडीओ खातरजमा कशाची करणार?

आणि धुरेकर, तुमच्या गावातल्या त्या फेरफारावर अजून कोणी हरकत घेतली नसेल, एवढंच. माझ्या नोकरीत असे फेरफार मंजूर झालेले पाहिले आणि पुढे अपिलात उडालेलेही पाहिले. वारस फेरफाराला मयताची तारीख लागते. गाव नमुना सहा-क मध्ये तो रकानाच आहे. प्रतिज्ञापत्रावरून पटवारी तिथे काय लिहील? जे तुम्ही सांगाल ते. आणि या प्रकरणात तारीख हीच खरी मेख आहे, कारण आजी २०१७ ला वारली आहे. याबद्दल वकील मंडळींनी बोलावं.

काळा कोट

नायबसाहेबांनी नेमकं बोट ठेवलं. सविस्तर लिहितो.

आधी सात वर्षांचं. सात वर्षं झाली म्हणून माणूस आपोआप मेला, असं कायदा म्हणत नाही. ज्यांना त्याची खबर साहजिक कळली असती, म्हणजे बायको, मुलं, भाऊ, आई, अशांना सात वर्षं काहीच कळलं नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी 'जिवंत आहे' म्हणणाऱ्यावर जाते. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम १०८ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १११ झालं, आशय तोच. मुद्दा वादात आला की कोर्ट ते गृहीत धरतं.

आता खरी गोष्ट. कायदा मृत्यू गृहीत धरतो, मृत्यूची तारीख गृहीत धरत नाही. आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं आहे. ज्या दिवशी प्रश्न कोर्टापुढे आला त्या दिवशी माणूस हयात नव्हता, एवढंच धरता येतं. तो हरवला त्या दिवशी मेला, किंवा सात वर्षं भरली त्या दिवशी मेला, असं धरता येत नाही. त्याआधीची एखादी तारीख ज्याला हवी आहे, त्याने ती पुराव्याने सिद्ध करायची.

ताई, तुमच्या काकांचं म्हणणं या चौकटीत बसवून पाहा. हिंदू वारसा कायद्याने स्वकष्टार्जित जमिनीला पहिल्या वर्गाचे वारस येतात: बायको, मुलगा, मुलगी आणि आई. सगळ्यांना सारखा वाटा. तुमचे बाबा २०१३ मध्येच गेले असं ठरलं, तर तेव्हा आजी हयात होती. चार वाटे, प्रत्येकी दीड एकर. आजी २०१७ ला गेली की तिचा दीड एकर तिच्या वारसांत जातो. काका एक हिस्सा, आत्या एक हिस्सा आणि तुमच्या बाबांच्या जागी तुम्ही दोघं भावंडं मिळून एक हिस्सा. प्रत्येक हिस्सा वीस गुंठ्यांचा. म्हणजे काकांना वीस गुंठे, आत्यांना वीस गुंठे, आईला एक एकर वीस गुंठे आणि तुम्हा दोघांना प्रत्येकी एक एकर तीस गुंठे.

उलट, आजी गेली तेव्हा बाबांचा मृत्यू झालेला होता हे काका सिद्ध करू शकले नाहीत, तर आजीला या वावरात कधी हिस्सा मिळालाच नाही. मग तीनच वाटे, आई, तुम्ही, भाऊ, दोन दोन एकर. काका-आत्या चित्रात नाहीत.

धुऱ्यावरचा

म्हंजे वीस गुंठ्यांसाठी एवढी मारामारी? देऊन टाका अन् मोकळे व्हा.

वऱ्हाडची लेक

भाऊ, ते वीस गुंठे विहिरीकडचे मागताहेत. विहीर गेली तर बाकीचं कोरडवाहू.

काळा कोट, खूप आभार. पण काका म्हणतात बाबांना हृदयाचा त्रास होता, गोळ्या घरीच राहिल्या होत्या, त्यामुळे ते वारीतच गेले असणार. हे पुराव्यात धरलं जातं का?

काळा कोट

काकांनी ते म्हणावं, कोर्ट ऐकेल. नुसता 'असणार' पुरेसा नाही. दवाखान्याचे कागद, डॉक्टरची साक्ष, त्या काळात पंढरपूर परिसरात सापडलेल्या बेवारस मृतदेहाची नोंद आणि ती तुमच्या बाबांशी जुळणं, असं काहीतरी लागेल. गोळ्या घरी राहिल्या एवढ्यावरून तारीख ठरणं कठीण आहे. पण अशक्य म्हणणार नाही. दिवाणी दाव्यात शक्यता कुठल्या बाजूने जास्त हेच पाहतात, आणि साक्षीदार कसे उभे राहतात त्यावर बरंच असतं.

मला भीती दुसरीच आहे. तुमचा दावा लिहिणारा टायपिस्ट जुन्या दाव्यातून मजकूर उचलतो आणि 'वादींचे वडील वारीतच मरण पावले असावेत' असं एक वाक्य टाकून देतो. वाचायला बरं वाटतं. ते वाक्य म्हणजे काकांच्या वीस गुंठ्यांवर तुमची सही. दाव्यात फक्त एवढंच लिहा: अमुक तारखेनंतर त्यांची कोणालाही खबर नाही, सात वर्षांहून जास्त काळ लोटला, म्हणून दावा दाखल करतेवेळी ते मृत असल्याचं गृहीत धरावं.

नागपुरी संत्रं

माझा अनुभव सांगते. माझे सासरे रेल्वेत होते, नोकरीत असतानाच बेपत्ता झाले. आम्हाला सात वर्षं थांबावं लागलं नाही. पोलिसांत तक्रार, मग 'शोध लागला नाही' असा पोलिसांचा अहवाल आणि सासूबाईंकडून बंधपत्र, एवढ्यावर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. तुम्ही पण तसंच करा, सात वर्षांची अट फक्त घाबरवायला सांगतात.

निवृत्त नायब

ताई, तुमच्या सासूबाईंना पेन्शन मिळाली हे चांगलंच झालं, पण तो नोकरीचा नियम आहे. सरकार तिथे स्वतःचे पैसे देतं आणि माणूस परत आला तर वसूल करता यावेत म्हणून बंधपत्र घेतं. तिथे मृत्यू ठरवायचाच नसतो. जमिनीची मालकी एका माणसाची दुसऱ्याकडे जायची तर मृत्यू ठरवावा लागतो. सासरेबुवांच्या नावावर घर असेल तर त्याला हीच सात वर्षं लागू.

नागपुरी संत्रं

अगं बाई. घर आहे ना त्यांच्या नावावर. टॅक्स पावती अजून त्यांच्याच नावाची येते. म्हणजे आम्हालाही कोर्ट?

निवृत्त नायब

हो. पण वेगळा धागा काढा, नाहीतर इथे दोन्ही खिचडी होईल.

धुऱ्यावरचा

एक सांगू का, रागावू नका. ग्रामसेवक ओळखीचा असंन तर 'घरीच वारले' म्हणून दाखला काढता येते. वकिलाची फी वाचते.

काळा कोट

धुरेकर, हे जाहीरपणे लिहू नका, आणि करूही नका. खोटी नोंद हा गुन्हा आहे हे झालंच. शिवाय ते अंगलट कसं येतं पाहा. त्या दाखल्यावर एक तारीख येते. समजा कोणी २०१४ टाकली, तर आजीचा दीड एकर तुम्हीच तयार केला. २०२१ टाकली, तर काका हरवल्याची नोंद दाखवून विचारतील, आठ वर्षं बेपत्ता असलेला माणूस घरी येऊन मेला कसा? मग सगळ्याच साक्षीवरचा विश्वास उडतो.

ओलितवाला

मध्येच विचारतो. जमीन वडिलोपार्जित असती तर मुलीला हिस्सा आहे का? आमच्याकडे बहिणी मागताहेत.

काळा कोट

आहे. मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार, वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण या धाग्यातली जमीन खरेदीची आहे. तशी ती खरेदीचीच आहे हे मूळ खरेदीखतावरून पक्कं करून घ्या ताई. काकांचा पुढचा मुद्दा 'एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतली' हा असू शकतो.

वऱ्हाडची लेक

खरेदीखत आहे, बाबांच्या एकट्याच्या नावाचं. तेव्हा ते जिनिंगमध्ये कामाला होते, त्या पगाराची वही आईने जपून ठेवली आहे.

दावा नक्की कुठे आणि कोणाविरुद्ध करायचा? पंढरपूरला जावं लागेल का?

काळा कोट

पंढरपूरची गरज नाही. जमीन आणि राहणं दारव्ह्यालाच, तर तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात चालेल. हरवल्याच्या नोंदीची साक्षांकित प्रत मात्र दोन्ही ठाण्यांतून घ्या, आणि 'अद्याप शोध लागला नाही' असं आजच्या तारखेचं पत्रही. २०१३ ची नोंद माणूस हरवला हे सांगते, आजचं पत्र तो सापडलेला नाही हे सांगतं. कोर्टाला दोन्ही लागतात.

वादी तुम्ही तिघं. प्रतिवादी म्हणून काका, आत्या आणि बाबा स्वतः. बाबांना समन्स पेपरमधल्या जाहीर नोटिशीने बजावायचं. शासनालाही पक्षकार केलं तर दोन महिन्यांची आगाऊ नोटीस द्यावी लागते, तेवढे दिवस धरून चला. काकांना आणि आत्यांना सोडू नका. अशी घोषणा जे पक्षकार असतात त्यांच्यावर आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांवरच बंधनकारक असते. त्यांना वगळून मिळवलेला हुकूमनामा ते फेरफाराच्या हरकतीत बाजूला सारतील.

मागणी दोन भागांत मागा. बाबा मृत असल्याची घोषणा, आणि तुम्ही तिघंच वारस म्हणून अमुक गटाचे मालक असल्याची घोषणा. नुसती पहिली मागितली तर 'तुमचा कुठला हक्क नाकारला गेला?' असा प्रश्न न्यायाधीश विचारतात. इथे काकांनी हक्क नाकारलेलाच आहे, ते दाव्यात नीट लिहा. मुदतीचा आक्षेपही यातूनच निस्तरतो. 'सात अधिक तीन वर्षं, म्हणून तुमची मुदत २०२३ ला संपली' असा युक्तिवाद होतो. माझं मत, हक्क नाकारल्यापासून मुदत मोजायची. पण समोरचा वकील भांडणार, हे गृहीत धरा.

निवृत्त नायब

पुराव्याबद्दल एक भर. बाबांचं बँक खातं होतं का? २०१३ नंतर खात्यावर एकही व्यवहार नाही असा उतारा फार बोलका असतो. जिवंत माणूस आपले पैसे सहसा सोडून देत नाही.

आणि आता एक अवघड काम. घरातले जुने कागद काढा आणि बाबांबद्दल कुठे काय लिहिलंय ते पाहा. रेशन कार्डातून नाव कमी केलं का आणि कारण काय लिहिलं? मतदार यादीतून नाव कोणत्या शेऱ्याने वगळलं? भावाचे शाळेचे, शिष्यवृत्तीचे अर्ज? मुलाच्या फॉर्मवर 'वडील मयत' असं सोयीसाठी लिहिणारे खूप पाहिलेत. काका ते शोधून काढतीलच, त्याआधी तुम्हाला माहीत असावं.

वऱ्हाडची लेक

शोधलं. रेशन कार्डावर फक्त नाव खोडलेलं आहे, कारण नाही. पण भावाच्या २०१५ च्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर 'वडील हयात नाहीत' असं लिहिलंय आणि खाली आईची सही आहे. आई म्हणते मास्तरांनी भरला, मी सही केली. आता काय?

काळा कोट

लपवू नका. आईच्या साक्षीत स्वतःहून सांगा. कबुली हा पुरावा आहे, पण शेवटचा शब्द नाही. ती कशी झाली हे समजावून सांगता येतं. ज्या बाईला नवऱ्याचं काय झालं हेच माहीत नाही, तिने २०१५ मध्ये मृत्यू 'माहीत असल्याची' सही केली, यात वजन किती? ते मास्तर हयात असतील तर साक्षीला बोलवा.

निवृत्त नायब

ताई, आजीच्या नावावर काही जमीन होती का? २०१७ नंतर तिचा वारस फेरफार झाला असेल ना?

वऱ्हाडची लेक

हो, आजीच्या माहेरकडून आलेलं तीन एकर होतं. ते काका वाहतात. फेरफाराचं आम्हाला काही माहीत नाही.

निवृत्त नायब

मग त्या गटाचा फेरफार काढा. ऑनलाइन दिसला तर ठीक, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मागा. सोबत काकांनी दिलेला वारसाचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र यांचीही नक्कल मागा. नुसत्या फेरफारावर थांबू नका, मला ते प्रतिज्ञापत्र पाहायचं आहे.

वऱ्हाडची लेक

नायबसाहेब, तुमचे पाय धरावेसे वाटतात. आज नक्कल मिळाली. २०१८ चा फेरफार आहे. काकांनी स्वतःच्या सहीने आजीचे वारस तीन दाखवले आहेत: काका, आत्या आणि बाबा. बाबांच्या नावापुढे वय लिहिलंय आणि शेरा 'परागंदा'. सातबाऱ्यावर तिघांचीही नावं आहेत. आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

काळा कोट

सुरेख. २०१८ मध्ये काकांनी शपथेवर भावाला आजीचा वारस म्हणून दाखवलं. भाऊ २०१३ लाच वारला अशी त्यांची खात्री होती, तर त्याच्या जागी तुम्हा दोघा मुलांची नावं यायला हवी होती. आता ते कोर्टात येऊन 'तो वारीतच गेला हे आम्हाला तेव्हापासून माहीत होतं' असं कसं म्हणणार? उलटतपासणीत हा कागद त्यांच्या हातात द्यायचा. यावरून बाबा २०१८ मध्ये जिवंत होते हे सिद्ध होत नाही, तसा दावा करूही नका. पण तारीख सिद्ध करायचा भार काकांवर आहे आणि त्यांच्याच सहीचा कागद त्यांच्याविरुद्ध बोलतो.

धुऱ्यावरचा

हे भारी झालं. म्हंजे त्या तीन एकरातबी यायचा हिस्सा आहे न?

काळा कोट

आहे, तिसरा हिस्सा, एक एकर. तो कोणाकोणात जातो हे मात्र पुन्हा तारखेवरच. आजी गेली तेव्हा बाबा हयात धरले, तर तो एकर बाबांचा झाला आणि त्यांच्यानंतर आई, मुलगी, मुलगा तिघांचा. बाबा आधीच गेले असं ठरलं, तर तो थेट दोन मुलांचा. सासूच्या जमिनीत आधीच वारलेल्या मुलाच्या बायकोला जागा नाही, फक्त त्याच्या मुलांना आहे.

मुंबईचा जावई

पण मग इथे 'आजीनंतर बाबा हयात होते' हे आईने सिद्ध करायचं का? तुम्हीच म्हणालात, ज्याला तारखेचा फायदा हवा त्याने सिद्ध करायची.

काळा कोट

चांगला प्रश्न, आणि माझं उत्तर ठाम नाही. एक बाजू तुम्ही म्हणता ती. दुसरी बाजू अशी की तीस वर्षांच्या आत जो हयात होता हे माहीत आहे, तो मेला असं म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं, आणि २०१७ ला सात वर्षं भरलेली नव्हती. माझ्या ओळखीतले दोन ज्येष्ठ वकील यावर दोन मतं देतात. या घरात आई आणि मुलं एका बाजूला आहेत, त्यामुळे हा वाद त्यांनी उकरायचं कारण नाही. आपसात वाटून घ्यावं.

ओलितवाला

आणि हुकूमनामा झाल्यावर बाबा परत आले तर?

काळा कोट

यावेत, आणखी काय हवं. जमीन त्यांचीच. मृत्यू गृहीत धरलेला असतो, माणूस समोर उभा राहिला की गृहीतक संपतं. म्हणूनच अशी जमीन विकत घेणारे कचरतात आणि बँकही शंभर प्रश्न विचारते. कसायला, पीक कर्जाला, अनुदानाला अडचण नाही. विकायचा विचार असेल तर खरेदीदाराला हुकूमनामा दाखवूनच व्यवहार करा.

निवृत्त नायब

शेवटी महसुलाचं. हुकूमनाम्यात दोन गोष्टी असल्याशिवाय कोर्टातून उठू नका. एक, मृत्यू कोणत्या दिनांकापासून धरायचा ते. दोन, जन्म-मृत्यू निबंधकाला नोंद घेण्याचा निर्देश. नुसतं 'मृत असल्याचे घोषित' असं असलं की ग्रामपंचायतीत मृत्यूचा दिनांक हा रकाना रिकामा ठेवून बसतात आणि तुम्ही पुन्हा दुरुस्तीसाठी कोर्टात. दिनांक दावा दाखल केल्याचा येऊ द्या.

मग वारस फेरफाराचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्या. ई-हक्कवरून दिला तरी चालतो, पण पोच जपून ठेवा. पटवारी नोटीस काढेल, हरकतीला पंधरा दिवस. काका हरकत घेतील असं धरून चला. प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाईल, सुनावणी होईल. तिथे हुकूमनाम्याची प्रत ठेवायची, त्यात काका पक्षकार होते हे दाखवायचं, बास. सोसायटीचं कर्ज वारसांकडे जमिनीसोबत येईल, त्याचा खातेउतारा आधीच घ्या, म्हणजे व्याज किती चढलंय ते कळेल.

आणि मधल्या काळात ई-पीक पाहणी सोडू नका, तेवढी नोंद तरी आईच्या कसण्याचा माग ठेवते. पटवाऱ्याला भेटून वहिवाट कोणाची म्हणून काय लिहिलंय ते एकदा पाहा.

वऱ्हाडची लेक

काल वकीलपत्र दिलं. आमच्या वकिलांनी आधीच लिहिलेल्या मसुद्यात 'वारीदरम्यान मृत्यू झाला असावा' हे वाक्य होतंच! धागा दाखवल्यावर त्यांनी खोडलं, जरा नाराज झाले. आत्याने आईला फोन करून सांगितलं की मला काही नको, मी सही करून देते. काका मात्र बोलत नाहीत.

आत्याची सही कुठल्या कागदावर घ्यायची? आत्ता हक्कसोड करून घेऊ का?

काळा कोट

हक्कसोड नको. जो हक्क तिला आहे असं तुम्ही मानतच नाही, तो सोडून घेतला तर तो होता असं कबूल केल्यासारखं होतं. तिने कोर्टात प्रतिवादी म्हणून कैफियत द्यावी: मला २०१३ नंतर भावाची काहीही खबर नाही, तो कधी वारला हे मला माहीत नाही, वादींची मागणी मान्य. सख्ख्या बहिणीलाही खबर नाही, हा तुमच्या बाजूचा मोठा पुरावा आहे.